स्क्रीनवर नाव आलं, आवाज रेकॉर्ड झाला. पण संमतीचं काय?

मावशीला रात्री सव्वानऊला फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता, पण नंबरासोबत एका बाईचं पूर्ण नाव दिसत होतं. कुणी जुनी ओळखीची असेल म्हणून मावशीने उचलला. पलीकडे एक पुरुष होता. कर्जाचे दोन हप्ते थकलेत, उद्या दुपारपर्यंत भरले नाहीत तर तुमच्या ऑफिसात येऊन सगळ्यांसमोर बोलू, असं तो दरडावून सांगत होता. मावशीने घाबरतच रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, "अरे, नाव बाईचं आणि बोलणारा बुवा, हे कसं? आणि मी त्याला न सांगता रेकॉर्ड केलं, आता मीच अडकणार नाही ना?"

हे दोन्ही प्रश्न आता घरोघरी विचारले जातायत. फोन करणाऱ्याचं नाव दाखवण्याची सोय मोबाईल कंपन्या टप्प्याटप्प्याने सुरू करतायत, अनोळखी कॉलला आधी "कोण बोलतंय?" विचारणारे फोन आलेत आणि रेकॉर्डिंगचं बटण तर हाताशीच असतं. म्हणून मावशीचा तोच एक कॉल धरून हे सगळं समजून घेऊ.

## ते नाव येतं कुठून?

स्क्रीनवर दिसणारं नाव तीन ठिकाणांहून येऊ शकतं. पहिलं ठिकाण म्हणजे तुमची स्वतःची संपर्क यादी. तुम्ही "गॅसवाला" असं साठवलं असेल तर "गॅसवाला" दिसेल. दुसरं ठिकाण म्हणजे ट्रूकॉलरसारखं ॲप. अशा ॲपकडची नावं बऱ्याच अंशी लोकांनी दिलेल्या माहितीतून जमा झालेली असतात. एखाद्या नंबराला अनेकांनी एकाच नावाने नोंदवलं की तेच नाव चिकटतं. चाळीत एखाद्याला सगळे "पेंटर" म्हणतात म्हणून पत्रावरही तेच लिहावं, तसा हा प्रकार. नाव खरं असू शकतं, जुनं असू शकतं, किंवा कुणी मुद्दाम चढवलेलंही असू शकतं.

तिसरं ठिकाण नवं आहे. त्याला सीएनएपी म्हणतात, म्हणजे फोन करणाऱ्याचं नाव मोबाईल नेटवर्कनेच दाखवण्याची सेवा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, फेब्रुवारी 2024 मध्ये तिची शिफारस केली. ग्राहकाने मागितली तरच द्यायची, की सगळ्यांना आपोआप सुरू करायची, यावर पुढे दूरसंचार विभाग आणि ट्राय यांच्यात विचार झाला. ऑक्टोबर 2025 मध्ये ती आपोआप सुरू ठेवावी आणि नको असेल त्याने बंद करून घ्यावी, यावर दोघांचं एकमत झालं.

यात नाव घेतलं जातं ते सिम घेताना भरलेल्या अर्जातून. कॉल तुमच्या नेटवर्कपर्यंत पोचला की ते नंबरावरून नावाच्या नोंदवहीत पाहतं आणि घंटी वाजता वाजता नाव तुमच्या स्क्रीनवर पाठवतं. ॲप लागत नाही, तुमची संपर्क यादीही कुणाला द्यावी लागत नाही. सुरुवात फोर-जी आणि फाईव्ह-जीवर आहे, त्यामुळे जुन्या टू-जी फोनवर नाव दिसलं नाही तर बिघाड समजू नका.

## मग बाईचं नाव आणि पुरुषाचा आवाज?

सगळा घोटाळा इथेच होतो. नेटवर्क जे नाव दाखवतं ते सिम कुणाच्या नावावर आहे त्याचं. बोलतंय कोण, हे नेटवर्कला कळत नाही. गाडीच्या नंबरावरून मालक कळतो, चालवणारा कळत नाही, तसंच हे. आपल्याकडे वडिलांच्या नावावरचं सिम मुलगी वापरते, मालकाच्या नावावरचं सिम कामगार वापरतो. वसुलीवाल्याच्या हातातलं सिम त्याच्या बायकोच्या नावावर असेल, बहिणीच्या असेल, किंवा ज्या बाईला या धंद्याचा पत्ताच नाही तिच्या कागदपत्रांवर काढलेलं असेल.

या शेवटच्या शक्यतेने मी स्वतः दचकलो. तुमच्या आधारवर कुणी सिम काढून वापरत असेल, तर त्याच्या प्रत्येक फोनवर आता तुमचं नाव झळकणार. म्हणून संचार साथी या सरकारी पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत ते एकदा पाहाच. अनोळखी नंबर दिसला तर "माझा नाही" म्हणून तिथेच नोंदवता येतं. माझ्या वडिलांच्या नावावर एक जुना नंबर निघाला. त्यांना तो आठवतही नव्हता.

याउलट, नाव दिसलं नाही म्हणजे फसवणूकच, असंही नाही. नंबर लपवण्याची सुविधा ज्यांना अधिकृतपणे मिळालेली असते त्यांचं नाव दाखवलं जात नाही. व्हॉट्सॲपवरचा कॉल मोबाईल नेटवर्कच्या या यंत्रणेतून जातच नाही, त्यामुळे तिथे दिसणारं नाव आणि फोटो समोरच्याने स्वतः लावलेला असतो. पोलिसाच्या गणवेशातला फोटो लावून घाबरवणारे भामटे बहुतेकदा तिथेच भेटतात.

## कॉल स्क्रीनिंग: दाराच्या जाळीतून विचारपूस

नावावर भिस्त ठेवता येत नसेल, तर उचलण्याआधी विचारपूस करणं हा पुढचा उपाय. कॉल स्क्रीनिंगमध्ये अनोळखी कॉल आधी फोनच घेतो, यंत्राच्या आवाजात समोरच्याला नाव आणि काम विचारतो आणि त्याचं उत्तर तुम्हाला अक्षरांत दाखवतो. मग घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवता. गूगलने पिक्सेल फोनमध्ये हे 2018 मध्ये आणलं. आयफोनमध्ये आयओएस 26 पासून, म्हणजे 2025 पासून, ही सोय आहे. तिथे सेटिंगमध्ये `Ask Reason for Calling` हा पर्याय दिसतो. फोनची भाषा आणि देश यांप्रमाणे सोय असते किंवा नसते, तेव्हा आपल्या फोनमध्ये पाहून घ्यावं.

इथे समोरच्याच्या संमतीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. यंत्र स्वतःची ओळख देऊनच विचारतं. समोरचा माणूस ते ऐकून बोलतो किंवा फोन ठेवतो. दारावर आलेल्याला जाळीतून "कोण?" विचारावं, इतकंच ते.

गैरसोय आहे ती दुसरीच. दवाखान्याच्या लँडलाईनवरून रिपोर्टबद्दल फोन येतो, यंत्राचा आवाज ऐकून तिथली बाई गोंधळते आणि फोन ठेवून देते. रस्त्यात फोन बंद पडला म्हणून दुसऱ्याच्या फोनवरून घरी फोन करणारी मुलगीही अशीच अडकते. घरात कुणी आजारी असेल किंवा कुणी प्रवासात असेल, त्या दिवसांत मी स्क्रीनिंग बंद ठेवतो.

मावशीच्या फोनवर ही सोय नव्हती. आणि असती तरी तो माणूस एखाद्या बँकेचं नाव सांगून आत आलाच असता. म्हणून तिचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

## न सांगता रेकॉर्ड करणं गुन्हा आहे का?

आपण स्वतः ज्या संभाषणात बोलत आहोत, ते संभाषण रेकॉर्ड करायला समोरच्याची परवानगी घ्यावीच लागते, असा सरसकट कायदा भारतात नाही. याची जुनी आणि ठळक साक्ष मुंबईचीच आहे. 1964 मध्ये मुंबईचे तेव्हाचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, मलकानी यांनी एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचं प्रकरण झालं. बोलणी दुसऱ्या एका डॉक्टरमार्फत चालली होती. लाचलुचपत विभागाने त्या मध्यस्थ डॉक्टरच्या संमतीने त्यांच्या घरच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि संभाषण टिपलं. मलकानींना अर्थातच कल्पना नव्हती. "हे टेलिग्राफ कायद्याविरुद्ध आहे, पुरावा म्हणून चालणार नाही," असा बचाव सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने तो मानला नाही. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने स्वतःहून यंत्र जोडू दिलं, तर ते चोरून संदेश पकडणं ठरत नाही, असं त्याचं सार.

हा फरक नीट मनात ठेवायला हवा. आपल्याला आलेलं पत्र जपून ठेवणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या पेटीतलं पत्र फोडणं वेगळं. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकून त्याची इतरांशी चाललेली बोलणी ऐकणं हे दुसऱ्या प्रकारात जातं. तिथे तुम्ही संभाषणातले नसता. दूरसंचार कायदा 2023 च्या कलम 42 नुसार बेकायदा संदेश पकडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सरकारलाही फोन टॅप करायचा असेल तर कायद्याने ठरवलेली कारणं आणि लेखी आदेश लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये बजावलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं.

## "पण नवरा-बायकोच्या रेकॉर्डिंगला कोर्टाने परवानगी दिली ना?"

जुलै 2025 च्या निकालानंतर असे मेसेज खूप फिरले. तो निकाल नीट वाचला तर एवढंच दिसतं: जोडीदाराशी स्वतः केलेलं, गुपचूप टिपलेलं संभाषण पती-पत्नीच्या आपसातल्या खटल्यात पुरावा म्हणून पुढे ठेवता येईल. आधी उच्च न्यायालयाने नाही म्हटलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ते बदललं. जोडीदाराचे इतरांशी होणारे कॉल ऐकायला या निकालाने मुभा दिलेली नाही.

कोर्टाने पुरावा पाहायला घेणं म्हणजे तो मिळवण्याची रीत निर्दोष ठरवणं, असं आपल्याकडे मानलं जात नाही. पुरावा आत येऊ शकतो आणि तो आणणाऱ्यावर वेगळी कारवाईही होऊ शकते.

## मावशीची चूक रेकॉर्डिंगमध्ये नव्हती, नंतर झाली

मावशीने त्या रात्री रेकॉर्डिंग ऐकलं. पावणेसहा मिनिटांचं होतं. त्यातला धमकीचा चाळीस सेकंदांचा तुकडा तिने कापला, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, आणि मूळ फाईल कुणाच्या हाती लागू नये म्हणून पुसून टाकली. तिच्या मनातली भीती मला समजते. पण तक्रार द्यायला गेल्यावर पहिलाच प्रश्न आला, "पूर्ण रेकॉर्डिंग कुठे आहे?" तुकड्याआधी काय बोलणं झालं, तुम्ही काय म्हणालात, तारीख-वेळ कशावरून, यातलं काहीच त्या चाळीस सेकंदांत नव्हतं.

नशीब एवढंच की तिच्या फोनमध्ये पुसलेल्या फाईली काही दिवस कचरापेटीत राहतात. मूळ फाईल तिथे सापडली. पूर्ण ऐकल्यावर उलट तिचीच बाजू भक्कम झाली. तिने तीन वेळा शांतपणे नाव आणि कंपनी विचारली होती, आणि त्याने एकदाही सांगितली नव्हती. तुकड्यात हे कापलं गेलं होतं.

म्हणून रेकॉर्डिंग पुरावा म्हणून लागणार असेल, तर मूळ फाईल ज्या फोनवर झाली त्या फोनवरच, नाव न बदलता, न कापता राहू द्या. कॉल-यादीतली नोंदही पुसू नका, आणि तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. एक प्रत कॉम्प्युटरवर घ्या आणि तिचा हॅश काढा. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा: फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी हा लांबलचक आकडा पूर्ण बदलतो. विंडोजवर तो असा निघतो:

```
certutil -hashfile call.m4a SHA256
```

येणारा आकडा आणि तारीख लिहून ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार, इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दिली की सोबत ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात हा हॅश लिहायचा असतो. प्रमाणपत्राचा एक भाग फोनच्या मालकाने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. मूळ फोनच कोर्टात हजर केला तर गोष्ट वेगळी, पण महिनोन्महिने फोन कोण देणार? वकिलाकडे जाताना ही तयारी असली की निम्मं काम झालेलं असतं.

एवढं करूनही कोर्ट आवाज कुणाचा, छेडछाड झाली आहे का, आणि बोलणं मुद्द्याशी जोडलेलं आहे का, हे तपासतंच. म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना साधे प्रश्न विचारावेत: आपण कोण, कुठून बोलता, कशाबद्दल? मावशीने नकळत नेमकं हेच केलं होतं.

## रेकॉर्ड करणं आणि पसरवणं

ग्रुपवर टाकण्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. पुराव्यासाठी रेकॉर्डिंग ठेवणं हे स्वतःच्या रक्षणासाठी असतं, तेच चारचौघांत फिरवलं की ते दुसऱ्याच्या खासगीपणावर आणि अब्रूवर जातं. बदनामीचा दावा होऊ शकतो, आणि "पैसे दे नाहीतर व्हायरल करीन" म्हटलं तर ती सरळ खंडणी. मावशीच्या क्लिपमध्ये तर स्क्रीनवरचं ते बाईचं नावही काकांनी खाली लिहून पुढे पाठवलं होतं. त्या बाईचा या प्रकरणाशी काही संबंध आहे की नाही, आम्हाला ठाऊकच नव्हतं. काकांना सांगून ते लगेच सगळीकडून काढायला लावलं.

"मग डेटा संरक्षण कायदा मला लागू होतो का?" असं कुणी विचारेल. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून, माणसाने स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कामासाठी वापरलेली माहिती वगळली आहे. कंपन्यांना मात्र ती सूट नाही. "हा कॉल रेकॉर्ड होत आहे" हे वाक्य ऐकूनही आपण बोलत राहतो, आणि कंपन्या तीच संमती धरतात. या कायद्याप्रमाणे संमती कशासाठी घेतली ते स्पष्ट हवं आणि ती मोकळेपणाने दिलेली हवी. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आहेत, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत.

## "माझा फोन मोठ्याने सांगतो, शेजारणीचा नाही. असं का?"

गूगलच्या फोन ॲपमधून किंवा आयफोनवरून रेकॉर्डिंग सुरू केलं की दोन्हीकडे ते सांगणारा आवाज ऐकू येतो. आयफोनमध्ये ही सोय आयओएस 18.1 पासून आली. काही कंपन्यांच्या स्वतःच्या डायलरमध्ये असा आवाज येत नाही. गूगलने 2022 मध्ये प्ले स्टोअरवरच्या बाहेरच्या रेकॉर्डिंग ॲपांचा एक मोठा मार्ग बंद केला, त्यामुळे अनेकांची जुनी ॲपं तेव्हापासून रिकाम्या फाईली देतात.

या फरकाचं कारण देशोदेशीच्या कायद्यांत आहे. एकच फोन जगभर विकायचा, तर कंपनीला सगळ्यात कडक कायद्याचाही विचार करावा लागतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, पण कॅलिफोर्नियात खासगी संभाषणाला सगळ्यांची लागते. जर्मनीत न सांगता खासगी बोलणं टिपणं हा फौजदारी गुन्हा आहे. मुलगा कॅलिफोर्नियात आणि आई इथे, तर आईने इथल्या सवयीने बटण दाबू नये. "रेकॉर्ड करतेय रे" एवढं म्हटलं की प्रश्न मिटतो.

खरं तर इथेही, जिथे धमकी किंवा फसवणूक नाही तिथे, मी सांगूनच रेकॉर्ड करतो. घरमालकाशी बोलणं असो की ठेकेदाराशी, "विसरायला नको म्हणून रेकॉर्ड करतोय, चालेल ना?" असं विचारलं तर लोक हो म्हणतात आणि शब्द जपून देतात.

## मावशीच्या कॉलचं पुढे काय झालं

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बँका आणि वित्त कंपन्यांना बजावलं होतं की थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकवायचं नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. सव्वानऊचा तो कॉल नुसत्या वेळेच्या मुद्द्यावरही नियमाबाहेर होता. वेळ सिद्ध करायला कॉल-यादीतली नोंद होती आणि धमकी सिद्ध करायला पूर्ण रेकॉर्डिंग.

मावशीने कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार दिली. तारीख, वेळ आणि नंबर लिहिला. स्क्रीनवर दिसलेलं नाव तिने "असं नाव दिसलं, बोलणारा पुरुष होता" एवढ्याच शब्दांत लिहिलं, आणि रेकॉर्डिंगची प्रत सोबत जोडली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर जाता येतं. तिथवर जायची वेळ आली नाही. अकराव्या दिवशी संस्थेकडून लेखी माफी आली, आणि हप्त्यांसाठी नवं वेळापत्रकही. त्या बाईच्या नावावरचा नंबर आम्ही संचार साथीवरच्या चक्षू या सोयीत संशयित म्हणून नोंदवला आहे. तिला स्वतःला हे माहीत आहे का, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.